कार्डावरची तारीख आधी, वर्तमानपत्र नंतर: घरातल्या कागदांवर प्रकल्प करणाऱ्यांसाठी

टी.वाय.ला इतिहास घेतलेली मुलं प्रकल्पाचा विषय विचारायला येतात, तेव्हा बहुतेकांच्या हातात एक चांगली गोष्ट असते आणि एक वाईट. चांगली म्हणजे घरातला ट्रंकेतला गठ्ठा: पोस्टकार्डं, मनीऑर्डरीच्या पावत्या, एखादी जमाखर्चाची वही. वाईट म्हणजे मार्गदर्शकांनी सुचवलेला विषय, "मराठी वृत्तपत्रे आणि सामाजिक प्रबोधन" छापाचा. असा विषय तुमच्या आधी शंभर जणांनी केलेला असतो, त्यात तुमच्या गठ्ठ्याला जागा नसते आणि एका सत्रात तो पुराही होत नाही. हे मी स्पष्टच सांगते, कारण माझंही एक सत्र त्यातच गेलं. विषय कागदाकडून ठरवा. कागद कोणत्या गावचे, कोणत्या वर्षांचे, त्यात कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा येते, ते पाहा आणि तेवढाच प्रश्न विचारा.

माझा प्रश्न शेवटी असा झाला: १९१८च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत परळच्या गिरणीतला माणूस आणि त्याचं संगमेश्वर तालुक्यातलं घर यांच्यात काय काय कळवलं गेलं? आईच्या माहेरची कार्डं होती. जोडीला केसरी आणि मुंबईची इंग्रजी वर्तमानपत्रं. त्या साथीची चौकट माहीत असेलच. जून १९१८मध्ये मुंबई बंदरावरचे पोलीस शिपाई आजारी पडले. ती पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरपासून आलेली दुसरी जीवघेणी ठरली आणि मुंबईत ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिने कळस गाठला. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता आणि धान्य महागलं होतं.

आता या कामातला सापळा. यावर मी जरा जास्तच बोलणार आहे.

जुन्या घरगुती पत्रांवर बहुधा साल नसतं. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते माहीत असतं, मग लिहायचं कशाला? माझ्याकडच्या एका कार्डावर वर "श्री", खाली "सा. न. वि. वि.", आणि तारखेच्या जागी फक्त "आश्विन व॥ ३० रविवार". शके नाही, सन नाही. मजकुरात होतं: "इकडे तापाची साथ फार. गिरणी अर्धी रिकामी. तूर्त येणे होत नाही. पैसे पाठविले ते पावल्याचे लिहावे." हे वाचलं की हात आपोआप ऑक्टोबर १९१८च्या अंकांकडे जातो. तिथे साथीच्या बातम्या मिळतात, म्हणून कार्ड १९१८चं ठरतं. मग प्रकरण लिहिताना वाक्य येतं: "वृत्तपत्रांतील वर्णनाला समकालीन खाजगी पत्रही दुजोरा देते." वाक्य छान दिसतं. पण पत्राचं साल तुम्ही वर्तमानपत्रावरूनच ठरवलं आहे, मग ते वर्तमानपत्राला दुजोरा कसा देईल? साक्षीदार दोन दिसतात, साक्ष एकाचीच असते. मी हे वाक्य लिहिलं होतं आणि बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं त्याच्यावर बोट ठेवलं.

आपण यात अडकलोय हे ओळखायची खूण सोपी आहे. प्रत्येक पत्रासमोर स्वतःला विचारा: उद्या वर्तमानपत्राचे सगळे अंक गहाळ झाले, तर या कागदाचं साल मला सांगता येईल का? उत्तर "नाही" आलं, तर तो कागद पुरावा म्हणून वापरू नका. परिशिष्टात ठेवा, "साल अनिश्चित" असं लिहा. त्यात कमीपणा काही नाही. ताप तर कोकणात हिवतापाचाही असायचा आणि मुंबईत १८९६पासून प्लेग पुन्हा पुन्हा येत होता. नुसत्या "साथ" या शब्दावर साल बांधू नका.

मग साल काढायचं कसं? कागदाच्या अंगावरूनच. माझ्या कार्डावर छापील तिकीट पाव आण्याचं होतं आणि त्यावर पंचम जॉर्जचं डोकं. हा राजा १९१०मध्ये गादीवर आला, त्याची तिकिटं १९११पासून चालू झाली. पोस्टकार्डाचा दर १९२२मध्ये पाव आण्यावरून अर्धा आणा झाला. म्हणजे पट्टा मिळाला १९११ ते १९२२. छापील कार्ड घरात काही काळ पडून राहू शकतं, त्यामुळे पट्ट्याची सुरुवातीची कड पक्की आणि शेवटची थोडी सैल धरायची.

पुढचा पुरावा पोस्टाचा शिक्का. कार्डावर बहुधा दोन शिक्के असतात, एक टाकल्याचा आणि एक पोचल्याचा. माझ्याकडच्या पहिल्या शिक्क्यात साल पुसलेलं होतं, पण नोव्हेंबरची ४ तारीख वाचता येत होती. कार्ड खिडकीच्या उजेडात तिरपं धरा, शाई उडालेली असली तरी ठशाची दाबलेली कड दिसते. मोबाईलने सरळ वरून काढलेल्या फोटोत ती कधीच दिसत नाही.

आता तिथी. "व॥ ३०" म्हणजे अमावास्या, हे मोडी-बाळबोध पत्रं वाचणाऱ्याला सांगायला नको. कार्ड आश्विन अमावास्येला, रविवारी लिहिलं आणि शिक्का ४ नोव्हेंबरचा. दुसऱ्या दिवशी टाकलं असं धरलं, तर ३ नोव्हेंबरला रविवार हवा. १९११ ते १९२२ या पट्ट्यात असा रविवार दोनच वेळा येतो, १९१२ आणि १९१८. जुनं पंचांग उघडलं की १९१२ गळतं, कारण त्या साली आश्विन अमावास्या ३ तारखेला नव्हती, त्यानंतर होती. १९१८मध्ये मात्र ती ३ नोव्हेंबरलाच होती, म्हणजे शके १८४०च्या लक्ष्मीपूजनाचा दिवस. साल पक्कं झालं आणि त्यासाठी केसरीचा एक अंकही उघडावा लागला नाही. नुसत्या तिथी-वाराच्या जोडीवर थांबू नका, ती जोडी काही वर्षांनी पुन्हा जुळते. इंग्रजी तारखेचा एखादा तुकडा शिक्क्यावरून किंवा मनीऑर्डरीच्या पावतीवरून मिळाला, तरच गाठ बसते.

साल असं स्वतंत्रपणे निघालं की कार्ड खरं बोलायला लागतं. मुंबईतली मृत्युसंख्या ऑक्टोबरच्या सुरुवातीनंतर उतरली, आणि कार्ड लिहिल्यावर आठच दिवसांनी, ११ नोव्हेंबरला, युद्धविराम झाला. त्या दिवसांतल्या अंकांत युद्धाने जागा व्यापलेली आहे. आणि इथे हा माणूस ३ नोव्हेंबरलाही साथ "फार" आहे असं कळवतोय. वर्तमानपत्रात नसलेलं काहीतरी हाती लागलं.

पण लगेच हुरळून जाऊ नका. "गिरणी अर्धी रिकामी" हे लक्ष्मीपूजनाच्या दिवशी लिहिलंय. कोकणातले किती कामगार साथीमुळे नव्हते आणि किती दिवाळीला गावी गेले होते, हे या कार्डावरून सांगता येत नाही. मी प्रबंधात एवढंच लिहिलं की एका कामगाराच्या अनुभवात साथ नोव्हेंबरच्या आरंभीही संपलेली नव्हती. एवढंसं वाक्य, पण त्याला कुणी धक्का लावला नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला कुणीच आधी सांगितली नाही. मी गठ्ठ्यात मृत्यूच्या बातम्या शोधत होते आणि एकही सापडत नव्हती. घरात त्या साली माणसं गेली होती, हे आजीला माहीत होतं. पत्र का नाही? कारण आपल्याकडे मृत्यूची बातमी आणणारं कार्ड वाचून फाडून टाकायची रीत होती. ते घरात ठेवत नसत. म्हणजे जे मला सर्वांत जास्त हवं होतं, तेच गठ्ठ्यात नसणार होतं. त्यामुळे "पत्रांत मृत्यूचा उल्लेख नाही, म्हणून या गावाला साथीची झळ कमी लागली" असा निष्कर्ष कुणी काढू नका. मृत्यूचा माग आडून लागतो. एका कार्डात वहिनींना नमस्कार असतो, पुढच्या कार्डापासून तो नसतो.

मृत्यूसाठी जायचं ते कोतवाल बुकाकडे, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीकडे, गाव नमुना १४. जातपडताळणीसाठी लोक तहसीलच्या अभिलेख कक्षातून याच्याच नकला काढतात, त्यामुळे कारकुनांना ती ओळखीची असते. लेखी अर्जात गाव आणि वर्षं नेमकी लिहा. नोंदी बहुधा मोडीत असतात. कारणाच्या रकान्यात "इन्फ्लुएंझा" शोधत बसू नका, तिथे "ताप" असतो. म्हणून एका वर्षाच्या नोंदी वाचून काही कळत नाही. १९१६ आणि १९१७चे ऑक्टोबर-नोव्हेंबर शेजारी ठेवा, मग १९१८मधली उडी दिसते. नोंद करणारे पाटील-कोतवालही त्याच साथीत होते, तेव्हा आकडा कमीत कमी एवढा असंच म्हणायचं.

मोडी स्वतः शिका. पैसे देऊन लिप्यंतर करून घेण्याचा जवळचा रस्ता मला अजिबात पसंत नाही. लिप्यंतर करणारे मजकूर देतात, पण समासातली ओळ, खोडलेला शब्द, नंतर वेगळ्या शाईने घातलेली रक्कम गाळतात, आणि तुमचं काम बरेचदा तिथेच असतं. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग होतात. सुरुवातीला एका ओळीला संध्याकाळ जाते. पण घरच्या पत्रांत एकच हात असतो, तेच मायने, तीच नावं. एकदा तो हात डोळ्यात बसला की वेग येतो. घाबरू नका, खरंच येतो.

वर्तमानपत्रांबद्दल थोडंच सांगते. केसरी तेव्हा साप्ताहिक, मंगळवारी निघणारा. ८ ऑक्टोबर १९१८च्या अंकात गावाकडची बातमी दिसली, तरी घटना ८ तारखेची नसते. बातमीदाराचं पत्र पोचायला लागलेले दिवस मागे मोजा. संगणकावरच्या शोधात "इन्फ्लुएंझा" टाकून थांबू नका, मराठीत "मानमोडी" आहे, "ताप" आहे, "साथ" आहे. आणि सरकारी अनुवादकाने केलेले देशी वृत्तपत्रांचे इंग्रजी साप्ताहिक गोषवारे वापरलेत, तर तळटीपेत तसंच लिहा. सरकारला जे महत्त्वाचं वाटलं तेच त्यात आहे. त्यावरून थेट "केसरी म्हणतो" असं लिहिणं चूक आहे.

गठ्ठा हाती घ्याल तेव्हा सुतळी सोडण्याआधी फोटो काढा, कारण कोणतं कार्ड कशाखाली होतं, हाही सालाचा पुरावा असतो. पत्त्याची बाजू मजकुराइतकीच नीट टिपा. आणि घरातल्या मोठ्यांची परवानगी मजकूर दाखवून घ्या, नुसता विषय सांगून नको. आमच्याकडे मामांनी एका कार्डातल्या उसनवारीचा भाग छापायला नको म्हटलं. मी तो गाळला आणि तिथे काही ओळी वगळल्याचं तळटीपेत नोंदवलं.