देईल, द्यावे, देता येईल : पैशाचे कलम तपासायला बसण्याआधी

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या मशीनशॉपचा जॉबवर्कचा करार मराठी होऊन तपासायला आला, की टेबलावर सगळ्यात आधी मूळ इंग्रजी प्रत हवी. नुसते भाषांतर वाचून बंधनाचा 'शॅल' आणि मुभेचा 'मे' यांचा घोळ सापडत नाही, कारण मराठी वाक्य बहुतेक वेळा स्वतःपुरते बरोबर असते आणि चूक दोन प्रती शेजारी ठेवल्यावरच दिसते. पैशाचे कलम तेवढे दोन्ही भाषांत वेगळ्या कागदावर, मोठ्या अक्षरात, ओळींत भरपूर जागा सोडून छापून घ्या. मग करार शेवटाकडून उलगडा आणि दोन भाषांत फरक पडला तर कोणती प्रत धरायची, हे सांगणारे कलम वाचा. इंग्रजी प्रमाण असेल तर मराठी समजण्यापुरती, असे लोक म्हणतात. मला ते पटत नाही. मालक सही करतो ती मराठी वाचून, आणि भांडण उभे राहते तेही तिच्यावरूनच.

आपल्याकडे बहुधा एक कन्नड प्रतही असते, कारण हिशेबनीस कन्नड वाचणारा असतो. ती बाजूला सारू नका. कायद्याच्या कन्नडात बंधनासाठी 'तक्कद्दु' हा ठरलेला शेवट आहे. 'कोडतक्कद्दु' म्हटले की देणे आले, त्यात सुटका नाही. मराठीत त्याच जागी 'देता येईल' दिसले तर कुणीतरी घसरले आहे, हे इंग्रजी न उघडताही कळते. 'कोडबहुदु' मात्र सांभाळून वाचा. त्यात परवानगीही आहे आणि 'कदाचित'ही, अगदी इंग्रजी 'मे'सारखेच.

आता पेन्सिल. इंग्रजी कलमातल्या प्रत्येक 'शॅल' आणि 'मे'खाली रेघ मारा आणि समासात एक अक्षर लिहा. बंधन असेल तर ब, मुभा असेल तर मु, नुसती शक्यता असेल तर श, अट असेल तर अ, आणि करार काही ठरवून टाकत असेल तर घ, म्हणजे घोषणा. हे घ विसरू नका. 'रक्कम खात्यात जमा झाल्यावर ती दिली असे समजले जाईल' यातल्या 'शॅल'ने कुणावरच काही लादलेले नाही. तिथे उत्साहाने 'समजणे बंधनकारक राहील' लिहिणारे भाषांतरकार मी पाहिले आहेत. 'पुरवठादार व्याज मिळण्यास हक्कदार राहील' हेही बंधन नाही, तो हक्क आहे. 'लागू होतील त्या वजावटी' या अर्थाने येणाऱ्या 'मे'ला तर मराठीत वेगळा शब्दच लागत नाही. तिथे 'लागू होऊ शकतील अशा वजावटी' लिहिले तर मालक विचारतो, म्हणजे नक्की लागू आहेत की नाहीत?

मराठी बाजूला खरी अडचण 'द्यावे'ची आहे. 'अर्जदाराने अर्ज करावा' हे सरकारी कागदावर आले की तो हुकूम असतो. 'पहाटे उठावे' हा सल्ला असतो. प्रत्यय तोच, आणि करार वाचणारा माणूस दोन्ही मराठी रोज वाचतो. एकदा लेथवाल्या काकांना मी कलम मोठ्याने वाचून दाखवले, 'खरेदीदाराने तीस दिवसांत रक्कम द्यावी.' काका म्हणाले, "द्यावी म्हणजे दिली तर बरं, असंच की ओ?" तेव्हापासून पैशाच्या कलमात मी 'द्यावी' राहू देत नाही.

'देईल'चे दुखणे वेगळे आहे. मराठी अधिनियमांत 'शासन करील' म्हणजे करण्याचे बंधन आणि 'शासनास करता येईल' म्हणजे मुभा, ही घडी पक्की बसलेली आहे. वकिलाला 'देईल' पुरते. पण बाजारात 'देईल हो तो' याचा अर्थ काय होतो, हे उधारीवर माल दिलेल्या कुणालाही विचारा. म्हणून दोनपैकी एक रस्ता धरा. एक तर व्याख्यांच्या कलमात 'या करारात करील, देईल अशी रूपे बंधन दर्शवतात' असे वाक्य घालायचे का, हे पक्षकारांना विचारून घ्या. नाहीतर पैशाच्या कलमापुरते सरळ 'देणे बंधनकारक राहील' वापरा. वाक्य जड होते, होऊ द्या.

आता एक कलम घेऊन हे सगळे करून पाहू. इंग्रजीत चार वाक्ये होती. बिल मिळाल्यापासून 30 दिवसांत खरेदीदार 'शॅल पे'. माल स्वीकारेपर्यंत बिलाच्या 10 टक्क्यांपर्यंत रक्कम खरेदीदार 'मे विथहोल्ड'. स्वीकृती होताच रोखलेली रक्कम 'शॅल बी रिलीज्ड'. पुरवठादार दर महिन्याच्या 5 तारखेपर्यंत बिल 'शॅल सबमिट'. माझ्यापुढे आलेले मराठी असे होते : 'बिल मिळाल्यापासून 30 दिवसांत खरेदीदाराने रक्कम द्यावी. माल स्वीकारेपर्यंत बिलाच्या 10 टक्के रक्कम रोखून ठेवण्यात येईल. स्वीकृतीनंतर रोखलेली रक्कम देता येईल. पुरवठादार दर महिन्याच्या 5 तारखेपर्यंत बिल सादर करील.'

पहिल्या नजरेला यात खटकण्यासारखे काही नाही. पण 4,80,000 रुपयांचे बिल धरा आणि मधली दोन वाक्ये पुन्हा वाचा. इंग्रजीप्रमाणे खरेदीदार शून्यापासून 48,000 रुपयांपर्यंत कितीही रोखू शकतो आणि रोखणे त्याच्यावर सक्तीचे नाही. मराठीप्रमाणे प्रत्येक बिलातून पूर्ण 48,000 आपोआप अडकतात. 'पर्यंत' हा शब्द गळाला आणि मुभा नियम होऊन बसली. पुढच्या वाक्यात नेमके उलटे झाले. जे सोडणे बंधनकारक होते, ते 'देता येईल' झाले, म्हणजे खरेदीदाराच्या मर्जीवर गेले. दोन चुका जोडून वाचल्या तर रोखणे सक्तीचे आणि परत देणे ऐच्छिक, असा करार तयार होतो. भाषांतरकाराच्या मनात तसे काहीच नव्हते. एका ठिकाणी त्याला 'येईल' ऐकायला बरे वाटले, दुसऱ्या ठिकाणी 'देता येईल', इतकेच.

'ठेवण्यात येईल' या रचनेत आणखी एक गोष्ट हरवते, ती म्हणजे कर्ता. रोखणार कोण आणि सोडणार कोण? 'शॅल बी रिलीज्ड'मध्ये इंग्रजीनेही नाव घेतलेले नाही, पण आदल्या वाक्यातला रोखणारा खरेदीदार तिथे शेजारीच उभा आहे. मराठीत दोन्हीकडून कर्ता गेला, की हिशेबनीस म्हणतो, आम्हाला वरून सांगितले की सोडू. इथे मराठी विभक्ती कामाला येते. 'खरेदीदार देईल', 'खरेदीदारास रोखता येईल', 'खरेदीदाराने द्यावी'. प्रत्येक क्रियापदापासून मागे जाऊन हा शब्द शोधा आणि त्याला गोल करा. गोल करायला काही सापडले नाही, तर ते वाक्य परत करायचे. 'नंतर'लाही तसाच गोल हवा. 'स्वीकृती होताच' आणि 'स्वीकृतीनंतर' यांच्यात पूर्ण सहा महिने मावतात.

मी सुचवलेला मजकूर असा : 'बिल मिळाल्यापासून 30 दिवसांत त्याची रक्कम देणे खरेदीदारावर बंधनकारक राहील. माल स्वीकारेपर्यंत खरेदीदारास बिलाच्या जास्तीत जास्त 10 टक्क्यांपर्यंत रक्कम रोखून ठेवण्याची मुभा राहील. माल स्वीकारताच रोखलेली रक्कम देणे खरेदीदारावर बंधनकारक राहील.'

चौथ्या वाक्याला मी हात लावला नाही, आणि तिथेच जास्त वेळ गेला. बिल 9 तारखेला पोचले तर काय? पैसे बुडाले, पुढच्या महिन्यात गेले, की 30 दिवस 9 तारखेपासून मोजायचे? 5 तारीख हे पुरवठादाराचे बंधन आहे, की पैसे मिळण्याची अट? ब लिहायचा की अ, हे मूळ इंग्रजीच सांगत नाही, आणि 'सादर करील'नेही ते तसेच उघडे ठेवले आहे. हे भाषांतर बरोबर आहे. मुळातली संदिग्धता मराठीत तशीच उतरली पाहिजे. आपण शहाणपणाने 'सादर न केल्यास रक्कम मिळणार नाही' लिहिले, तर दोन पक्षांनी न ठरवलेली गोष्ट आपण ठरवून दिल्यासारखे होते. समासात प्रश्नचिन्ह काढा आणि वेगळ्या कागदावर वाक्य, पर्याय आणि कोणाला विचारायचे ते लिहा. कोर्ट संदर्भ पाहून 'मे'चा अर्थ 'शॅल' धरते, आणि उलटही धरते, हे खरे. पण तिथवर पोचायला लागणारा खर्च कधीकधी बिलाहून मोठा असतो.

नकाराची वाक्ये थोडी, पण ती वेगळी काढून पाहा. 'खरेदीदार व्याज देणार नाही' आणि 'खरेदीदारावर व्याज देणे बंधनकारक राहणार नाही' यांत फरक आहे. पहिल्यात दार बंद, दुसऱ्यात त्याची इच्छा. 'मे नॉट डिडक्ट' हे 'कपात करण्याचा अधिकार नाही' असेच हवे. 'कपात कदाचित होणार नाही' हे त्याचे भाषांतर असू शकत नाही, पण येते.

कायद्याची एक चिठ्ठी जवळ असू द्या, भाषांतरात घालायला नव्हे, प्रश्न विचारायला. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याच्या कलम 15 प्रमाणे करारात काहीही मुदत लिहिली तरी ती माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांपलीकडे जात नाही. उशीर झाला तर कलम 16 प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या हिशेबाने चक्रवाढ व्याज लागते. माल पोचल्यावर 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर पोचल्याचा दिवसच स्वीकारल्याचा दिवस मानला जातो. त्यामुळे वरच्या कलमातली 'स्वीकृती' कोण, कधी आणि कशी देणार, हा प्रश्न कागदावर जायलाच हवा. करारात तिची व्याख्याच नव्हती.

शेवटी मराठी कलम अशा माणसाला वाचून दाखवा, ज्याने इंग्रजी पाहिलेले नाही. 'समजले का?' असे विचारू नका, सगळे हो म्हणतात. 'पैसे नाही आले तर तुम्ही काय म्हणू शकता?' आणि 'ते किती कापू शकतात?' एवढेच विचारा. त्या काकांनी दुरुस्त केलेले कलम ऐकून बोटांवर मोजले आणि म्हणाले, "अठ्ठेचाळीस हजार, त्याच्या वर नाही. आणि माल पास झाला की लगेच द्यायला लागणार." मग त्यांनीच विचारले, "पण पास झाला म्हणून सही करणार कोण?" तो प्रश्न माझ्या यादीत आधीच होता. मी त्यापुढे त्यांचेही नाव लिहिले आणि कागद वकिलाकडे पाठवला.