हाताने घडवलेल्या दागिन्याची किंमत कशी ठरवावी: एका कानातल्याचा पूर्ण हिशोब

घरी दागिने करून विकणाऱ्या बहुतेकांची किंमत अंदाजाने ठरते. दुसरे लोक कितीला विकतात ते बघायचं आणि त्याहून थोडं कमी लावायचं. यात अडचण अशी की समोरच्याने कोणता माल वापरलाय आणि त्याला किती वेळ लागलाय हे आपल्याला ठाऊक नसतं. आपला हिशोब आपल्याच वहीतून निघायला हवा. तीच वही पुढे वर्णन लिहितानाही कामाला येते, म्हणून ती नीट ठेवणं फार महत्त्वाचं.

इथे एकच दागिना घेऊ. गोड्या पाण्यातले मोती, प्रत्येक कानात तीन मोत्यांचा छोटा घोस, आणि चांदीचे हुक. आकडे फक्त पद्धत दाखवण्यासाठी आहेत. तुमचे दर तुम्ही घालायचे.

पहिली पायरी: मालाचा खर्च, घट धरून

मोत्यांची सर 640 ला मिळाली आणि तिच्यात 64 मोती आहेत, तर एक मोती 10 ला पडला असं वाटतं. पण सर सोडवून उजेडात पाहिली की काही मोत्यांचं भोक वाकडं निघतं, काहींवर खळगा असतो, काहींची जोडी जुळत नाही. समजा आठ बाजूला गेले. राहिले 56. म्हणजे वापरण्याजोगा मोती साधारण साडेअकराला पडला. जोडीला सहा मोती लागतात, त्यांचे झाले 69.

मोत्यात घालायच्या पिनांचंही तसंच. गोल चोचीच्या पकडीने कडी वळवताना दहातली एखादी पिन वाकून फुकट जाते, म्हणून सहा पिनांचे 18 न धरता 20 धरायचे. हुकांची जोडी 60, जोडायच्या कड्या 5, डबी आणि कार्ड 30. एकूण 184. डबी, कार्ड, चिकटपट्टी या गोष्टी हमखास विसरल्या जातात, आणि छोट्या दागिन्यात त्यांचा वाटा मोठा असतो.

माल आला त्याच दिवशी वहीत चार गोष्टी लिहा: विकणाऱ्याने मालाला काय नाव दिलंय, माप, एकूण रक्कम आणि घरपोच आणण्याचा खर्च. तो खर्च मालावर वाटून टाका. वरचे दर तो खर्च वाटून धरलेलेच आहेत. पावतीचा फोटोही जपून ठेवा.

दुसरी पायरी: घडणावळ

वेळ मोजताना एकच जोडी करून मोजू नका. सलग चार जोड्या करा आणि एकूण वेळेला चारने भागा, कारण मांडामांड आणि आवराआवर त्यात यायला हवी. मोत्यांच्या जोड्या जुळवणं, सहा कड्या वळवणं, घोस बांधणं, तारेचं टोक कुठे टोचत नाही ना हे बोट फिरवून पाहणं, पुसणं. समजा चार जोड्यांना 140 मिनिटं लागली. एका जोडीला 35.

पण काम इथे संपत नाही. फोटो आणि वर्णनाला 90 मिनिटं गेली आणि त्याच नमुन्याच्या दहा जोड्या करणार असाल, तर जोडीमागे 9 मिनिटं आली. बांधणी आणि गिऱ्हाइकाच्या प्रश्नांना उत्तरं देणं यांची 16 धरू. झाला पूर्ण एक तास. एकच नग करायचा असेल तर ती 90 मिनिटं सगळी त्याच्यावर पडतात. एकमेव नगाची किंमत जास्त का असते, त्याचं मोठं कारण हेच.

तासाचा दर ठरवताना स्वतःला एक प्रश्न विचारा: हेच काम दुसऱ्या कुणाकडून करून घेतलं असतं तर मी किती दिले असते? त्याहून कमी दर स्वतःला लावू नका. पुढे मदतीला माणूस घ्यायची वेळ आली की तो फरक खिशातून जातो. इथे तासाला 150 धरू.

तिसरी पायरी: बेरीज

माल 184 आणि घडणावळ 150 मिळून 334. हत्यारांची झीज, वीज, बिघडलेले नमुने यांसाठी दहा टक्के, म्हणजे 33. झाले 367. त्यावर वीस टक्के नफा धरला की 440. नफा आणि मजुरी वेगळ्या ठेवा. मजुरी तुमच्या हातांची. नफ्यातून पुढचा माल येतो.

विक्रीवर कुणी दहा टक्के कापून घेत असेल तर 440 वर दहा टक्के चढवून भागत नाही. 484 लावले तर 48 कापले जातात आणि हातात 436 येतात. 440 ला 0.9 ने भागायचं: 489. सवलत देणार असाल तर तीही याच रीतीने आधीच धरा.

चौथी पायरी: फोटो

खिडकीजवळ, थेट ऊन येत नसेल अशा जागी, दिवसाउजेडी फोटो काढा. घरातला दिवा बंद ठेवा. दोन रंगांचे उजेड मिसळले की पांढरा मोती एका बाजूने पिवळा आणि दुसऱ्या बाजूने निळसर दिसतो. खिडकीच्या समोरच्या बाजूला पांढरा कागद उभा केला की सावली मऊ होते.

पाच फोटो पुरेत: समोरून, मागून, हुक आणि कडीचा जवळून, कानात घातलेला आणि पट्टीशेजारी ठेवलेला. कानातला फोटो टाळू नका. लांबी आकड्यात वाचून अंदाज येत नाही, आणि ‘वाटलं त्याहून लहान निघालं’ ही तक्रार तिथूनच सुरू होते. शेवटी दागिना फोनच्या पडद्याशेजारी धरून रंग जुळतो का पाहा. रंग चढवणारे फिल्टर अजिबात नकोत.

पाचवी पायरी: वर्णन

आता वही उघडा. हुकावर 925 चा ठसा असेल आणि पावतीवरही तसं असेल, तर ‘925 चांदी’ लिहा; म्हणजे हजारात 925 भाग चांदी आणि बाकी बहुधा तांबं. पितळेवर चांदीचा मुलामा असेल तर ‘चांदीचा मुलामा दिलेलं पितळ’ असंच लिहायचं. ‘चांदी रंगाचे’ असं मोघम लिहून वाचणाऱ्याला चुकीचा समज करून घेऊ देणं हीसुद्धा फसवणूकच.

मोती घेतानाच तपासा. दोन मोती एकमेकांवर हलके घासले तर खरे किंचित खरखरीत लागतात, काचेचे गुळगुळीत सरकतात. रंग चढवलेल्या मोत्यात भोकाच्या कडेला रंग गडद साचलेला दिसतो. तसं दिसलं तर ‘रंगवलेले’ हा शब्द वर्णनात यायलाच हवा. ‘निकेलमुक्त’ हे विकणाऱ्याने लेखी दिलं असेल तरच लिहा; त्यावर कुणाच्या तरी कानाची कातडी अवलंबून असते.

आपल्या जोडीचं वर्णन असं होईल: ‘गोड्या पाण्यातले संवर्धित मोती, पांढरा रंग, सुमारे 6 मिलिमीटर. प्रत्येक मोत्याचा आकार थोडा वेगळा, काहींवर बारीक खुणा. हुक 925 चांदीचे, पिना आणि कड्या चांदीचा मुलामा दिलेल्या पितळेच्या. हुकासकट लांबी 32 मिलिमीटर, एका कानातल्याचं वजन 2 ग्रॅम. अत्तर आणि पाण्यापासून दूर ठेवा. चांदी काळवंडली तर मऊ कापडाने पुसा.’

किंमत जास्त वाटून विक्री अडली, तर घडणावळ कापण्याआधी नमुना बदलून पाहा. तीनऐवजी दोन मोती घेतले तर दोन मोती आणि दोन पिना वाचतात, आणि दोन कड्या वळवण्याचा वेळही. हुक मुलाम्याचे घेतले तर खर्च आणखी उतरतो, पण मग वर्णनातली ‘925 चांदी’ त्याच दिवशी काढायची आणि फोटोही नव्या हुकांचे लावायचे.