एक जागा, दोन माणसं: पगार आणि रजा कशी वाटायची

एक पूर्णवेळ जागा दोन अर्धवेळ माणसांनी मिळून सांभाळायची, यालाच जॉब शेअर म्हणतात. यात पगाराची वाटणी दोन मिनिटांत होते. खटके उडतात ते रजेवरून, आणि तेही सहसा सार्वजनिक सुट्ट्यांवरून. म्हणून या लेखात पगार झटपट उरकून रजेच्या हिशोबापाशी जरा जास्त वेळ थांबू.

समजा, पूर्णवेळ जागा आठवड्याला ५ दिवस, ४० तासांची आहे. महिन्याचा पगार ६०,००० आहे. वर्षाला २४ दिवस हक्काची रजा आणि त्याशिवाय कामाच्या दिवशी येणाऱ्या १० सार्वजनिक सुट्ट्या मिळतात. एक जण सोमवार ते बुधवार येतो, दुसरी गुरुवार-शुक्रवार येते. सोयीसाठी त्यांना सोमवारवाला आणि गुरुवारवाली म्हणू.

पहिलं काम म्हणजे प्रत्येकाचे आठवड्याचे तास लिहून काढणं. सोमवारवाल्याचे २४, गुरुवारवालीचे १६. ४० ने भागलं की वाटा निघतो: ६० टक्के आणि ४० टक्के. पगार होतो ३६,००० आणि २४,०००.

इथे एक गोष्ट आधी ठरवून घ्या. ‘एक पगार दोघांत’ हे सरळ गणित दोघांची वेतनश्रेणी आणि टप्पा एकच असेल तेव्हाच बरोबर ठरतं. एकाची नोकरी दहा वर्षांची आणि दुसरी नवीन असेल, तर प्रत्येकाचा पूर्णवेळ पगार वेगळा धरून त्याला त्याच्या-त्याच्या वाट्याने गुणा. बेरीज एका पगारापेक्षा थोडी कमी-जास्त भरेल, पण जुन्या माणसाची वेतनवाढ नव्याच्या खिशात जाणार नाही. लॅपटॉप, प्रशिक्षण, ओळखपत्र यांचे तर वाटेच पडत नाहीत, ते दोघांना पूर्ण लागतात. कंपनीचा जॉब शेअरवरचा जास्तीचा खर्च मुख्यतः इथेच होतो.

आता रजा. नेहमीची चूक अशी: २४ दिवसांचे ६० आणि ४० टक्के करून १४.४ आणि ९.६ दिवस द्यायचे, आणि सार्वजनिक सुट्टी ‘ज्याच्या दिवशी येईल त्याची’ म्हणायची. दिसायला हे न्याय्य वाटतं. पण समजा, यंदाच्या १० सुट्ट्यांपैकी ७ सोमवार ते बुधवारात आल्या आणि ३ गुरुवार-शुक्रवारी. मग सोमवारवाल्याला भरपगारी २१.४ दिवस मिळाले आणि गुरुवारवालीला १२.६. त्याच्या रजेच्या दिवसांना त्याच्या आठवड्यातल्या ३ दिवसांनी भागा: ७ आठवड्यांहून थोडं जास्त. तिच्या दिवसांना २ ने भागा: ६.३ आठवडे. दोघांचे नियम एकच, तरी केवळ कॅलेंडरमुळे तिचं नुकसान झालं.

यावर उपाय म्हणजे रजा आणि सार्वजनिक सुट्ट्या एकाच पिशवीत टाकून तासांत मोजायच्या. २४ अधिक १० म्हणजे ३४ दिवस, गुणिले ८, म्हणजे २७२ तास. त्यातले ६० टक्के, १६३.२ तास त्याचे. १०८.८ तास तिचे. मग ज्याच्या कामाच्या दिवशी सार्वजनिक सुट्टी येईल, त्याच्या पिशवीतून ८ तास वजा करायचे. त्याचे ७ दिवसांचे ५६ तास गेले, उरले १०७.२, म्हणजे १३.४ दिवस. तिचे २४ गेले, उरले ८४.८, म्हणजे १०.६ दिवस. आता १३.४ आणि १०.६ ची बेरीज करा: बरोबर २४. कंपनीने एकही दिवस जास्त दिलेला नाही, फक्त एक दिवस जिथे असायला हवा होता तिथे गेला.

हिशोब जमला की नाही हे ओळखायची सोपी खूण आहे. प्रत्येकाच्या एकूण तासांना त्याच्या आठवड्याच्या तासांनी भागा. १६३.२ भागिले २४ म्हणजे ६.८. १०८.८ भागिले १६ म्हणजेही ६.८. पूर्णवेळ माणसाचे ३४ दिवस भागिले ५, तेही ६.८ आठवडे. तिन्ही आकडे जुळले नाहीत तर कुठेतरी दिवस आणि तास एकमेकांत मिसळले आहेत. अपूर्णांक मधल्या पायरीवर पूर्ण करत बसू नका, अगदी शेवटी करा. आणि ०.२ तास म्हणजे २० मिनिटं नव्हे, १२ मिनिटं. हजेरी बघणाऱ्यांचीही ही चूक होते.

दरवर्षी सुट्ट्यांचे वार बदलतात, त्यामुळे वजाबाकी दर वर्षाच्या सुरुवातीला नव्याने करावी लागते. दोघांनी आठवडा अदलाबदल केला आणि नेमकी त्यात सुट्टी आली, तर त्या दिवशी वेळापत्रकात ज्याचं नाव, त्याच्याच खात्यातून तास वजा होतील. पुढच्या वर्षात नेता येणाऱ्या रजेची मर्यादाही तासांतच विभागा. ती १० दिवस असेल, तर त्याला ४८ तास आणि तिला ३२.

पुढचा प्रश्न कामाच्या हस्तांतरणाचा. काम एकाकडून दुसरीकडे जाताना दोघं थोडा वेळ समोरासमोर हवेत. समजा, ती दर बुधवारी शेवटचे दोन तास येते. मग तिचे तास १८ झाले, बेरीज ४२. हे दोन तास फुकटात धरू नका. एक तर कंपनीने तिचा वाटा ४५ टक्के करावा, आणि मग रजाही २७२ च्या ४५ टक्के, म्हणजे १२२.४ तास. नाहीतर गुरुवार-शुक्रवारचा एकेक तास कमी करून १६ कायम ठेवा. दुसऱ्या पर्यायात ते दोन्ही दिवस सातच तासांचे होतात, म्हणून गुरुवार-शुक्रवारच्या सुट्टीला ७ तासच वजा करायचे, हे लक्षात ठेवा.

एक रजेवर गेला की दुसऱ्याने आपोआप भरून काढायचं, असं कुठेही गृहीत धरू देऊ नका. पूर्णवेळ माणूस रजेवर जातो तेव्हाही खुर्ची रिकामीच असते. जोडीदाराने जास्तीचे दिवस केलेच, तर दोनच मार्ग: तासांचा पगार, किंवा नंतर तेवढेच तास सुटी. पगार घेतला तर त्या तासांवर रजाही साठली पाहिजे.

राहिलं ते एक जण नोकरी सोडतो तेव्हाचं. करारपत्रात हे आधीच लिहिलेलं असावं: उरलेल्या माणसाला पूर्ण जागा आधी विचारायची, नको असेल तर ठरावीक मुदतीत नवा जोडीदार शोधायचा, आणि तोवर त्याचे तास वाढवायची सक्ती नाही. रजेचा हिशोब स्वतंत्रच राहतो. गुरुवारवाली सहा महिन्यांनी गेली, तर तिचे ५४.४ तास साठले. त्यातल्या दोन सार्वजनिक सुट्ट्या आणि तीन दिवस रजा मिळून ४० तास वापरले, तर १४.४ तासांचे पैसे तिला मिळायचे. ते तास सोमवारवाल्याच्या किंवा नव्या माणसाच्या खात्यात ढकलायचे नसतात.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९४ च्या अर्धवेळ कामाविषयीच्या करारात हेच प्रमाणाचं तत्त्व आहे. तुमच्या देशाचा कायदा किमान रजा किती, हे ठरवतो आणि वाटणी त्याखाली जाऊ शकत नाही. प्रसूती रजेचे मात्र वाटे पडत नाहीत. ती ज्या व्यक्तीची तिची, पूर्ण मुदतीची. त्या काळात मिळणारा पगार तेवढा तिच्या वाट्याच्या पगारावर मोजला जातो.