सेफ्टी डोअर असलेल्या फ्लॅटचा उंबरठा सजवताना

फ्लॅटचं जाळीचं दार बाहेर उघडतं, आणि पाहुण्यांसाठी केलेली सजावट पहिल्या बेललाच विस्कटते. तोरणाची पानं दाराच्या वरच्या कडेत अडकतात, पणती कलंडते. आमच्याकडे दोन दिवाळ्या हेच झालं. आता आधी खडू घेते.

१. जाळीचं दार हळूहळू पूर्ण उघडा. त्याची मोकळी कड जिथून फिरते तिथे जमिनीवर खडूने कमान काढा. कमानीच्या आत काहीही ठेवायचं नाही.

२. रांगोळी कमानीबाहेर, बिजागरीच्या बाजूला, भिंतीलगत काढा. वीतभर पुरते. पाहुणे कडीच्या बाजूने आत येतात, त्यामुळे ती पायाखाली येत नाही. मधोमध मोठी काढण्याचा मोह आवरा.

३. तोरण चौकटीला न बांधता वर भिंतीवर लावा. आंब्याचं पान साधारण वीतभर लोंबतं, म्हणून चिकटवायचे हुक दाराच्या वरच्या कडेपासून वीत आणि चार बोटं वर हवेत. भिंत कोरड्या फडक्याने पुसूनच चिकटवा. रंगाचे पोपडे निघत असतील तिथे हुक टिकत नाही, रंगासकट खाली येतो.

४. नावाच्या पाटीला हार नको, नाव झाकतं. पाटी पुसा, वरच्या कोपऱ्यात एकच झेंडू खोचा.

चपला त्या दिवशी घरातल्या रॅकमध्ये.

पणती मात्र रांगोळीपलीकडे, भिंतीच्या कोपऱ्यात ठेवा. साडीचा पदर आणि ओढणी नेमकी दारातच वाकताना खाली येते.