वीस खोल्यांच्या हॉटेलात चादरी-टॉवेल किती ठेवावेत आणि ते कमी कुठे होतात

लोणावळ्यातले वीस डबल खोल्यांचे हॉटेल घेऊ. लॉन्ड्री स्वतःची नाही, कपडे बाहेर जातात. गर्दीचा काळ ऐन पावसाळ्यात येतो, आणि नेमके तेव्हाच कपडे वाळत नाहीत. जुलैच्या शनिवारी इथला हिशोब जुळला, तर बाकीच्या वर्षाची काळजी करावी लागत नाही.

आधी एक पॅर म्हणजे किती नग ते ठरवा

सगळ्या खोल्या एकदा पूर्ण सजवायला जेवढे कपडे लागतात, तो एक पॅर. खोलीत एक चादर खाली आणि एक पांघरायला, असे धरले तर वीस खोल्यांना 40 चादरी. अभ्रे 40, अंघोळीचे टॉवेल 40, पायपुसणी 20. ज्या खोल्यांत तिसरी गादी टाकता त्यांचे कपडे वेगळे मोजा. ते या चाळीसात मिळवले नाहीत तर गर्दीच्या दिवशी तेवढेच नेमके कमी पडतात.

मग गाडीच्या वेळेवरून पॅर काढा

"तीन पॅर ठेवा" असे सरसकट सांगितले जाते. एक खोलीत, एक धुण्यात, एक कपाटात. हॉटेलातच मशीन असेल आणि सकाळचे कपडे संध्याकाळपर्यंत तयार होत असतील तर ते पुरते. कपडे बाहेर जात असतील तर आकडा दोन गोष्टींवर ठरतो: लॉन्ड्री किती दिवसांनी माल परत देते, आणि तिची गाडी दिवसात किती वाजता येते. यातली दुसरी गोष्ट बहुतेक जण विचारातच घेत नाहीत.

कोरड्या दिवसांत शुक्रवारी नेलेला माल लॉन्ड्री रविवारी देते असे धरू. गाडी दुपारी चारला येत असेल तर शुक्रवारच्या चादरी रविवारी चारला हातात पडतात. पण रविवारच्या खोल्या दोनलाच लावून झालेल्या असतात. म्हणजे त्या चादरी सोमवारी वापरात येणार. शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन दिवसांचे मळके कपडे फेऱ्यात अडकले आणि एक संच खोल्यांत आहे. झाले चार पॅर.

तीच गाडी दुपारी बाराला आणा. चेकआउट दहाला असेल तर साडेअकरापर्यंत सगळ्या पलंगांवरच्या चादरी काढून, मोजून, बोचकी बांधून ठेवायची. गाडी मळके नेते आणि दोन दिवसांपूर्वीचे धुतलेले तिथेच उतरवते. तेच कपडे लगेच खोल्यांत जातात. आता फेऱ्यात दोनच दिवसांचे कपडे आहेत, म्हणून तीन पॅर पुरतात. गाडीची वेळ चार तासांनी अलीकडे आणली की 40 चादरी, 40 अभ्रे आणि 40 टॉवेल कमी घ्यावे लागतात. लॉन्ड्रीशी दराची घासाघीस करण्याआधी या वेळेचे बोला.

पावसाळ्यात लॉन्ड्री एक दिवस जास्त घेते. म्हणून बाराच्या गाडीवरही चार पॅर लागतात: 160 चादरी. त्यावर अर्धा पॅर, म्हणजे 20 चादरी, कुलपात राखीव. एकूण 180. राखीव साठा डाग, फाटणे आणि उशिरा आलेली गाडी यांसाठी आहे. गाडी आलीच नाही तर वीस चादरींत दहा खोल्या लागतात. तेव्हा नवीन पाहुण्यांच्या खोल्या आधी लावा, आणि दुसऱ्या रात्री राहणाऱ्यांना विचारून त्यांची चादर एक दिवस पुढे ढकला. राखीवातून काढलेला प्रत्येक नग लिहून काढा. नाहीतर महिन्याभरात राखीव आणि रोजचा साठा एक होऊन जातो.

अभ्र्यांना तेल लागते, म्हणून ते अर्धा पॅर जास्त घ्या. ब्लँकेट आणि गादीवरची संरक्षक खोळ रोज धुतली जात नाही, तिला सव्वा पॅर भरपूर झाला.

माल उतरवून घेताना

गठ्ठे मोजण्याआधी दमटपणा तपासा. वरच्या चादरीला हात लावून काही कळत नाही, ती वाऱ्याने कोरडी झालेली असते. गठ्ठ्याच्या मधली चादर ओढा, तिच्या आतल्या घडीत हाताची मागची बाजू घाला. गार लागली तर ती दमट आहे. अशी चादर बंद कपाटात दोन-तीन दिवस राहिली की घडीच्या रेषेवर बुरशीचे काळे ठिपके पडतात, आणि ते सहसा पूर्ण जात नाहीत. दमट गठ्ठा घेऊ नका. घ्यावाच लागला तर घड्या मोडून पंख्याखाली टाका.

कपाटात लावताना घडीची बंद बाजू बाहेर ठेवा, मोजायला सोपे जाते. नुकता आलेला माल खाली ठेवून वापर वरून करा. तसे केले नाही तर वरच्याच साठ चादरी वर्षभर धुतल्या जाऊन विरतात आणि खालच्या कोऱ्याच राहून पिवळ्या पडतात.

डागाळलेले कपडे वेगळ्या पिशवीत द्या आणि डाग कशाचा ते चिठ्ठीवर लिहा. हळदीचा डाग साबणात लालसर होतो, पण उन्हात बराच फिका पडतो. गंजाच्या डागावर मात्र क्लोरीनचे ब्लीच अजिबात नको, त्याने डाग आणखी पक्का होतो. चिठ्ठी नसेल तर लॉन्ड्रीत सगळ्यांवर एकच ब्लीच पडते.

गळती कुठे होते ते शोधणे

रोजचा नियम एकच: मळका नग दिल्याशिवाय धुतलेला नग मिळणार नाही. लॉन्ड्रीचे चलन दोन प्रतींत करा, नग दोघांनी मिळून मोजा. कमी आलेले नग त्याच चलनावर "बाकी" म्हणून लिहून सही घ्या आणि ती बाकी पुढच्या चलनाच्या पहिल्या ओळीत उतरवा. तोंडी बाकी आठवड्यात विसरली जाते.

महिन्यातून एकदा, शक्यतो मंगळवारी, गाडी गेल्यावर सगळे मोजा. टॉवेलचे उदाहरण घ्या. महिन्याच्या सुरुवातीला 180, नवीन 20, नोंद करून रद्द केलेले 9. म्हणजे 191 हवेत. मोजले तर खोल्यांत 40, कपाटात 62, राखीव 20, डागांच्या पिशवीत 4 आणि चलनांनुसार लॉन्ड्रीकडे 58. बेरीज 184. सात कमी.

इथे थांबू नका. लॉन्ड्रीकडचे 58 हे कागदावरचे टॉवेल आहेत, डोळ्यांनी पाहिलेले नाहीत. तारखा लावून बघा. त्यातले 53 गेल्या तीन दिवसांतले निघाले, आणि 5 पंधरा दिवसांपूर्वीच्या चलनावरचे. ते पाच बहुधा दुसऱ्या हॉटेलच्या गठ्ठ्यात गेलेत. आजच मागितले तर मिळतील, दोन महिन्यांनी मिळणार नाहीत. म्हणून प्रत्येक नगाच्या शिवणीपाशी हॉटेलची खूण आणि वापरात आणल्याचा महिना-वर्ष पक्क्या शाईने लिहा.

उरलेल्या सातांसाठी लगेच पाहुण्यांवर संशय घेऊ नका. आधी जनरेटरची खोली, ड्रायव्हरांची झोपायची जागा, सफाईच्या बादल्या बघा. पुसायला फडके दिलेले नसले की हाताला येईल तो टॉवेल फरशीवर जातो, आणि पावसात बूटही त्यानेच पुसले जातात. रद्द झालेले टॉवेल कापून, गडद रंगात रंगवून फडकी करा आणि प्रत्येक मजल्यावर, दारापाशी भरपूर ठेवा. रंग वेगळा असला की पांढरा टॉवेल बादलीत दिसताक्षणी कळतो.

पाहुण्याच्या सामानातून जाणाऱ्यांसाठी बिल बंद होण्याआधी रूम बॉयने खोलीतले टॉवेल मोजून काउंटरला कळवायचे. कमी असेल तर "साहेब, एक टॉवेल चुकून बॅगेत गेलाय का, बघता का जरा?" एवढेच विचारावे. रूम बॉयच्या पगारातून मात्र कापू नका. कपात सुरू झाली की फाटलेले आणि डागाळलेले नग लपवले जातात, आणि मग रद्द झालेला कुठला नि हरवलेला कुठला, हे रजिस्टरवरून कधीच कळत नाही.