पहिली कालवड विकताना या चुका टाळा

गोठ्यात जागा दोनच कालवडींची, म्हणून तीन महिन्यांची तिसरी विकायला माझी धाकटी जाऊ बाजारात निघाली. आजवर तिनं दूध विकलं होतं, जनावर कधीच नाही. सोबतीला मी गेले.

पहिली चूक घरीच झाली होती. वजनाचा अंदाज न घेताच आम्ही निघालो होतो. आत शिरताच एक दलाल पुढे आला. "वहिनी, तुम्ही फक्त दावं धरा, बाकी माझ्यावर सोडा. पंचेचाळीस किलो भरेल." जाऊ मान डोलावणार, तेवढ्यात मी पिशवीतली शिवणाची टेप काढली. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर भरला ३६ इंच, आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी ३२. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६० केलं की किलोत वजन येतं. आलं साधारण ६३. हा अंदाजच असतो, चार-पाच किलो इकडेतिकडे होतात; वासरू चारी पायांवर सरळ उभं हवं आणि टेप अंगाला लागेल इतकीच ओढायची. पण पंचेचाळीस आणि त्रेसष्ट यांतला फरक काही टेपचा नव्हता. "काट्यावर घेऊ," म्हटल्यावर दलाल म्हणाला, "कशाला उगाच?"

दुसरी चूक मात्र होता होता टळली, ती म्हणजे खोदून विचारणाऱ्याचा राग धरणं. दुसरा गिऱ्हाईक गोड बोलला नाही. शेपटी उचलून शेण लागलंय का पाहिलं, बेंबी चाचपली आणि विचारलं, "चीक किती वेळात पाजला? खुराक खाते का? जुळी तर नाही ना?" जावेचा चेहरा उतरला. खरं तर गोऱ्ह्याबरोबर जुळी जन्मलेली कालवड बहुतेक वेळा पुढे गाभण राहत नाही, कारण पोटात असताना दोघांचं रक्त एकमेकांत मिसळतं. म्हणजे हा माणूस ती पाळायलाच नेणार होता. आमची एकटीच जन्मली होती.

मागच्या आठवड्यात तिला हगवण लागली होती. मी जावेला कोपरानं ढोसलं, तरी तिनं ते सांगितलं. त्यानं भाव थोडा उतरवला, औषध कोणतं दिलं ते विचारलं आणि स्वतःच काट्याकडे निघाला. भरली ६१.

आता दलाल जादा बोलला, पण निम्मे पैसे पुढच्या बाजारी. कालवड नेणार कोण, हे मात्र तो सांगेना. जाऊ क्षणभर घुटमळली. मग कमी बोलणाऱ्याकडे वळून म्हणाली, "दादा, पैसे आधी मोजू." दोनदा मोजले, कमरेला खोवले. "चार दिवस आमचाच खुराक द्या, एकदम बदललात तर पुन्हा हगवेल," म्हणत तिनं घरून आणलेली खुराकाची पिशवी त्याला दिली आणि मगच दावं सोडलं.