दुचाकी कर्जाची तुलना करताना एकूण व्याजाचा आकडा कुठे फसवतो

दुचाकीचे कर्ज घेताना केवळ हप्ता पाहू नये, एकूण व्याज पाहावे, हा सल्ला योग्यच आहे. मात्र मुदत आणि डाउन पेमेंट वेगवेगळे असलेल्या दोन प्रस्तावांचे एकूण व्याज थेट शेजारी मांडले, तर महाग कर्ज स्वस्त वाटू लागते.

गाडीची ऑन-रोड किंमत १,१०,००० रुपये आहे असे धरू. पहिल्या प्रस्तावात ५०,००० रुपये डाउन पेमेंट, ६०,००० रुपये कर्ज, तीन वर्षे मुदत आणि ८ टक्के फ्लॅट दर आहे. दुसऱ्यात ३०,००० रुपये डाउन पेमेंट, ८०,००० रुपये कर्ज, तीच मुदत आणि घटत्या शिलकीवर १३.५ टक्के दर आहे. पहिल्याचे एकूण व्याज १४,४०० रुपये, तर दुसऱ्याचे सुमारे १७,७३४ रुपये होते. दर कमी, व्याजही कमी. म्हणून पहिला प्रस्ताव सरस ठरवला जातो आणि येथेच चूक होते.

पहिल्या प्रस्तावातील व्याज कमी दिसते, कारण कर्जच २०,००० रुपयांनी कमी आहे. दुसऱ्या प्रस्तावातही ५०,००० रुपये भरले, तर व्याज सुमारे १३,३०० रुपयांवर येते, म्हणजे पहिल्यापेक्षा १,१०० रुपयांनी कमी. फ्लॅट दरात अखेरच्या महिन्यापर्यंत मूळ रकमेवरच व्याज आकारले जाते, मुद्दल कितीही फिटले असले तरी. त्यामुळे तीन वर्षांसाठीचा ८ टक्के फ्लॅट दर घटत्या शिलकीच्या हिशेबाने साधारण १४.५ टक्के पडतो.

मुदतीच्या बाबतीतही हीच गफलत होते. ८०,००० रुपयांवर ८ टक्के फ्लॅट दराने दोन वर्षांचे व्याज १२,८०० रुपये होते आणि ते वरच्या १७,७३४ रुपयांपेक्षा आकर्षक वाटते; पण १३.५ टक्क्यांचेच कर्ज दोन वर्षांत फेडले, तर व्याज सुमारे ११,७३२ रुपये होते. त्यासाठी हप्ता २,७१५ वरून ३,८२२ रुपयांवर जातो, आणि तो झेपेल का हा प्रश्न स्वतंत्रपणे सोडवावा.

म्हणून दोन्ही संस्थांकडून समान कर्जरक्कम आणि समान मुदतीचेच आकडे मागावेत. दर घटत्या शिलकीवरचा असल्यास एकूण व्याज स्प्रेडशीटमध्ये पडताळता येते:

```
=PMT(13.5%/12,36,-80000)*36-80000
```

सांगितलेला हप्ता या सूत्रातील `PMT` च्या उत्तरापेक्षा बराच जास्त निघाला, तर दर फ्लॅट असण्याची किंवा विमा, ॲक्सेसरीज यांची रक्कम कर्जात मिसळलेली असण्याची शक्यता धरावी. प्रक्रिया शुल्क एकूण व्याजात दिसत नाही, ते वेगळे मिळवावे लागते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ मुदत कर्जांसोबत मुख्य तथ्य विवरण द्यावे लागते. त्यातील वार्षिक टक्केवारी दरात संस्थेने घेतलेले शुल्कही धरलेले असते, त्यामुळे सही करण्यापूर्वी शोरूमच्या कोटेशनऐवजी तोच आकडा जुळवून पाहावा.